चौकोन परवडले, m नको

पीडीएफमधून वर्डमध्ये उतरवलेल्या मजकुरात अधूनमधून रिकामे चौकोन दिसले की मला बरं वाटतं. गिऱ्हाईक मात्र घाबरतं. "सगळं बिघडलं की हो!" म्हणतं. खरं तर चौकोन प्रामाणिक असतो. इथं काहीतरी होतं आणि आता ते नाही, असं तो तोंडावर सांगतो. दिसणारं भगदाड बुजवता येतं. भीती असते ती बिघडूनही धड दिसणाऱ्या अक्षराची.

सांगलीत विश्रामबागला माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सातबाऱ्यासोबतचे अर्ज, बचतगटांचे अहवाल हे रोजचं काम. पण केमिस्ट्रीत बीएस्सी केलेली टायपिस्ट म्हणून आजूबाजूच्या कॉलेजांतली प्रबंधांची कामंही माझ्याकडं येतात. मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर असंच काम घेऊन आले. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. त्यांना सगळे जुने निबंध एका पुस्तकात घालायचे होते. मूळ वर्ड फाइली होत्या तो संगणक 2019 च्या पुरात तळमजल्यावर पाण्यात गेला. हाती उरल्या त्या कधीकाळी मेलवर पाठवलेल्या पीडीएफ.

पहिला निबंध उघडला, सगळं निवडलं, वर्डमध्ये चिकटवलं. विहिरींच्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे EC, सांगणारं एक वाक्य असं उतरलं:

```
EC of well water was 2750 mS cm-1, with SO42- and
HCO3- dominant (P £ 0.05).
```

आमच्याकडं कामाला असलेली पोरगी म्हणाली, "ताई, मातीच्या निबंधात पौंड कशाला आले?" तिला हसू आलं, मलाही. पण त्या ओळीतला पौंड हा सगळ्यांत निरुपद्रवी प्राणी. खरी गोची ओळीच्या सुरुवातीलाच बसली होती, तीही कुणाच्या नजरेत भरणार नाही अशी.

आधी हे होतं कसं ते सांगते. पीडीएफमध्ये "हा आकडा सबस्क्रिप्ट आहे" अशी नोंद सहसा नसतेच. तिथं फक्त एवढंच असतं: अमुक फॉन्टातलं अमुक चिन्ह, या मापात, पानावर या जागी छाप. H₂SO₄ मधला 2 म्हणजे थोडा लहान आणि थोडा खाली छापलेला साधा 2. कॉपी करताना चिन्ह उचललं जातं, जागा आणि माप मागं राहतं. म्हणून H2SO4. यात माहिती हरवली असली तरी रसायनशास्त्र येणाऱ्याला ती परत मिळवता येते, कारण सल्फ्यूरिक ॲसिड दुसऱ्या कुठल्या प्रकारे लिहिलंच जात नाही.

ग्रीक अक्षरांचं तसं नाही. जुन्या निबंधांत μ बहुतेक वेळा सिम्बॉल नावाच्या फॉन्टातून टाकलेला असतो. या फॉन्टात m च्या खणात μ चं चित्र बसवलंय, a च्या खणात α, D च्या खणात Δ, W च्या खणात Ω. युनिकोडच्या आधी ज्यांनी मराठी टाइप केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या फॉन्टातली फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की "महाराष्ट्र"च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची, ती याच कारणानं. आत इंग्रजी अक्षर, वर मराठी मुखवटा. पीडीएफमध्ये फॉन्टासोबत "या खणातलं चिन्ह म्हणजे युनिकोडातलं हे अक्षर" अशी एक तालिका ठेवायची सोय आहे. ती असली तर μ हा μ म्हणूनच कॉपी होतो. नसली, किंवा चुकीची असली, तर मुखवटा गळतो आणि m उरतो.

फरक एवढाच की मराठीची खिचडी झाली की शेंबडं पोरही ओळखतं. इथं μS चं mS होतं, म्हणजे मायक्रोसीमेन्सचं मिलिसीमेन्स, आणि mS हेही खरंखुरं एकक आहे. μg चं mg होतं, तेही खरं एकक. दोन्हीकडं हजारपटीचा फरक, आणि स्पेलचेकची लाल रेघ यावर बोट ठेवणार नाही.

पौंडाचं मूळही इथंच. सिम्बॉल फॉन्टात ≤ ज्या खणात बसतं, त्या खणात साध्या इंग्रजी फॉन्टात £ असतो. तसंच ≥ च्या जागी ³ येतो, × च्या जागी ´ ही तिरकी खूण, आणि √ च्या जागी दोन टिंबांचा Ö. हे एकदा डोक्यात बसलं की पौंड दिसला की हात आपोआप ≤ टाकायला जातो. ± आणि ° ही दोन चिन्हं दोन्हीकडं एकाच खणात आहेत, त्यामुळं ती सुखरूप पोचतात. आणि कधीकधी वर्ड त्या खणाचा क्रमांक तसाच ठेवून चौकोन दाखवतो. चौकोनाच्या पुढं कर्सर ठेवून Alt+X दाबलं की F06D असं काहीतरी उमटतं. शेवटचे दोन आकडे 6D म्हणजे m, म्हणजे मूळचा μ. तो क्रमांक पुसून 03BC टाइप करायचा आणि पुन्हा Alt+X, की खरा μ हजर. सगळ्या फाइलभर असेल तर शोधायच्या खणात ^u61549 टाकला की वर्ड तोच चौकोन शोधतो. चौकोन बरा म्हणते तो यासाठी. त्याच्या पोटात मूळ अक्षराचा पत्ता असतो. m च्या पोटात काहीच नसतं.

तर 2750 mS cm-1. पोरगीचं लक्ष मी तिकडं वेधलं. म्हटलं, समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता साधारण 50 mS cm⁻¹ असते. म्हणजे ही विहीर समुद्राच्या पन्नासपटीहून खारट. डोळे मोठे करून ती म्हणाली, "मग सगळीकडं mS चं μS करून टाकू की, रिप्लेस ऑल." आणि नेमकं तेच करायचं नसतं. त्याच निबंधात पुढं मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता 6.4 mS cm⁻¹ दिली होती, आणि ती खरोखर मिलिसीमेन्सच होती. क्षारपड जमिनीला 6.4 शोभतो. त्याचं 6.4 μS केलं असतं तर जमीन डिस्टिल्ड पाण्याच्या पंगतीला जाऊन बसली असती. एका फाइलीत दोन जातींचे mS: काही जन्मानं, काही अपघातानं.

मग ओळखायचं कसं? पहिला साक्षीदार पीडीएफच, पण फक्त डोळ्यांना दिसणारी. पीडीएफमध्ये शोधून उपयोग नाही, कारण शोध घेणारा तिच्या पोटातलीच अक्षरं वाचतो आणि ती आधीच m झालेली आहेत. उलट ही परीक्षा म्हणून चांगली. पानावर μ दिसतोय आणि शोधायच्या खणात μ टाकल्यावर काहीच सापडत नाही, तर समजायचं की मुखवट्याचाच मामला आहे. ॲक्रोबॅट रीडरमध्ये Ctrl+D दाबून Fonts या पानावर गेलं की सिम्बॉल फॉन्ट वापरलाय का तेही दिसतं. त्यानंतर mS ची एकेक जागा पानावर मोठी करून बघायची. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा रस्ता नाही. पान स्कॅन केलेलं आणि धुरकट असेल तर μ चं शेपूट दिसतच नाही.

तिथं दुसरा साक्षीदार लागतो, आणि तो सरांनी दिला. पाण्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियमची मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमधली बेरीज घ्यायची. पाणी फार खारट नसेल तर ती बेरीज dS m⁻¹ मधल्या वाहकतेच्या साधारण दहापट येते. तक्त्यात पहिल्या विहिरीचे आकडे होते: कॅल्शियम 4, मॅग्नेशियम 4, सोडियम 20. बेरीज 28. म्हणजे वाहकता 2.8 dS m⁻¹ च्या आसपास हवी. 1 dS m⁻¹ म्हणजे 1000 μS cm⁻¹. तेव्हा 2750 हा आकडा μS मध्येच बसतो. अक्षर गेलं होतं, पण आकड्यांनी आपली एकमेकांशी असलेली नाती सोडली नव्हती.

"दहापट म्हणजे अगदी दहापट नव्हे," सर म्हणाले. "पाच-दहा टक्के इकडंतिकडं चालतं. हजारपट चालत नाही." टायपिंगच्या कामात मला एवढी ढोबळ कसोटी भरपूर झाली.

आता SO42-. यात बेचाळीस कुठंच नाही. 4 हा ऑक्सिजनच्या अणूंचा, म्हणून खाली. 2- हा विद्युतभार, म्हणून वर: SO₄²⁻. कॉपीत दोघं एका रांगेत येऊन चिकटतात. याच सरांच्या नंतरच्या एका निबंधात, जो लेटेक या गणिती मजकूर जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेला होता, तोच आयन SO2−4 असा उतरला. लेटेक वरचा आणि खालचा आकडा एकाखाली एक मांडताना आधी वरचा लिहितो, मग खालचा, आणि कॉपी त्याच क्रमानं होते. आता वाचणाऱ्याला SO2 दिसतो, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, आणि पुढं उगाच "वजा चार". जो ढोबळपणे "अक्षरामागचा प्रत्येक आकडा खाली" असा नियम लावेल, तो 2 ला खाली ढकलून खरोखरच सल्फर डायऑक्साइड करून ठेवेल.

म्हणून मी ढोबळ नियम वापरत नाही. त्यानं T1, T2 असे प्रयोगाचे उपचारही सापडतात, आणि R2 चा 2, जो खरं तर वर हवा, तो खाली जातो. त्यापेक्षा निबंध एकदा वाचून त्यात कोणकोणते आयन, संयुगं आणि एककं आलीत त्याची कागदावर यादी करायची. अशा निबंधात ती वीस-पंचवीसच्या पुढं क्वचित जाते. मग लांबलचक आयन आधी, छोटी संयुगं नंतर, एककं शेवटी.

वर्डची एक अडचण इथं आडवी येते. शोधा-आणि-बदला करताना सापडलेल्या सगळ्या शब्दाला सबस्क्रिप्ट करता येतं, त्यातल्या एकट्या आकड्याला नाही. यावर उपाय दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत आकड्यांभोवती खुणा घालायच्या, दुसऱ्या फेरीत खुणा काढताना आतल्याला वर किंवा खाली करायचं. Ctrl+H, मग More, आणि Use wildcards ला टिकमार्क. हा टिकमार्क असला की वर्ड कॅपिटल-स्मॉल काटेकोर बघतो, तेही आपल्या फायद्याचं, कारण CO आणि Co एक नव्हेत.

```
Find:     (SO)(4)(2-)
Replace:  \1§\2§¤\3¤
```

आता मजकुरात SO§4§¤2-¤ असं दिसतं. लेटेकवाल्या फाइलीसाठी शोधायचा क्रम (SO)(2−)(4) असा उलटा, आणि बदलायच्या खणात \3 आधी, \2 नंतर. वजाचं चिन्ह मात्र बघून घ्यायचं. कुठं ते कीबोर्डवरचं साधं हायफन असतं, कुठं खरं उणे, कुठं आडवी डॅश. तिन्ही दिसायला सारखी, वर्डला मात्र तीन वेगळी. फाइलीतूनच ते चिन्ह उचलून शोधायच्या खणात चिकटवलं की वाद मिटतो. यादीतल्या सगळ्यांना अशा खुणा घालून झाल्या की दुसरी फेरी:

```
Find:     §([!§]@)§
Replace:  \1
```

बदलायच्या खणात कर्सर ठेवून खालच्या Format मधून Font, आणि तिथं Subscript. तसंच ¤ साठी Superscript. खुणा घातल्यावर आणि दुसऱ्या फेरीआधी फाइल एकदा डोळ्यांखालून घालते, कारण खुणांसकट चूक पटकन दिसते. एकदा खुणा निघाल्या की तो लहान आकडा लेन्स लावून बघावा लागतो.

एककांत -1 वर जातं: cm-1, kg-1, ha-1. तिथं मी (cm)(-1) असं प्रत्येकासाठी वेगळं देते. सरसकट "आकड्याआधी हायफन" म्हटलं तर 0-15 cm आणि 15-30 cm या मातीच्या खोलीच्या आकड्यांचीही वाट लागते. दहाचे घात हे आणखी एक प्रकरण. जिवाणूंची संख्या 3.2 ´ 106 अशी आली होती. ती तिरकी खूण म्हणजे ×, आणि 106 म्हणजे एकशे सहा नव्हे, 10⁶. आधीच्या × मुळं ते कळतं. × च गळालेलं असतं तर कठीण होतं.

काही जण विचारतात, थेट ₂ आणि ⁴ ही युनिकोडातली तयार लहान अक्षरंच का नाही टाकत? ती कॉपीत टिकतात हे खरं. पण छापताना ती वर्डच्या सबस्क्रिप्टशेजारी ठेवली की फॉन्टाप्रमाणं कधी बारीक, कधी ठळक दिसतात, आणि कुणी H2SO4 शोधलं तर ती सापडत नाहीत. पुस्तकासाठी मी वर्डचंच स्वरूपण ठेवते. मेलमध्ये किंवा नुसत्या मजकुरात पाठवायचं असेल तर तयार लहान अक्षरं.

कॉपी-पेस्ट सोडून पीडीएफ थेट वर्डमध्ये उघडायचीही सोय आहे, वर्ड 2013 पासून. तसं उघडलं तर वर-खाली बरंच टिकतं आणि वरची निम्मी मेहनत वाचते. नव्या, नीट बनवलेल्या पीडीएफसाठी मी आधी तेच करून बघते. पण दोन रकान्यांच्या जुन्या निबंधात ते तक्त्यांचे असे काही तुकडे करतं की ते जुळवण्यात वाचलेला वेळ परत जातो. आणि μ ची खात्री तिथंही पानाकडं बघूनच करायची.

सगळ्यांत वाईट अवस्था सूत्राची होती. सोडियमचं शोषण-गुणोत्तर, ज्याला सगळे एसएआर म्हणतात, ते असं उतरलं:

```
SAR = Na+ Ö Ca2+ + Mg2+ 2
```

Ö म्हणजे वर्गमूळ हे आता कळतंच. पण मुळावरची आडवी रेघ आणि अपूर्णांकाची रेघ ही अक्षरं नसतात, त्या नुसत्या काढलेल्या रेघा. कॉपीत रेघा येतच नाहीत. त्यामुळं मुळाच्या पोटात काय काय आहे आणि शेवटचा 2 कशाला भागतोय, हे या ओळीवरून सांगताच येत नाही. माझ्या पोरगीनं प्रामाणिकपणे विचारलं, "2 वर जायचाय का खाली?" दोन्ही नाही. तो छेदात आहे.

सरांना विचारता आलं असतं, पण ते गावी गेले होते, म्हणून आम्ही तक्त्यालाच विचारलं. पहिल्या विहिरीचा एसएआर 10 दिला होता. सोडियम 20, बाकी दोघं मिळून 8. मूळ विसरून 8 ला 2 नं भागलं आणि 20 ला त्या 4 नं भागलं, तर 5 येतात. 8 चंच मूळ काढून त्यानं भागलं आणि 2 सोडून दिला, तर 7 च्या जवळ. 8 भागिले 2 म्हणजे 4, त्याचं मूळ 2, आणि 20 भागिले 2, बरोबर 10. म्हणजे बेरीज आणि 2 दोन्ही मुळाच्या आत. नंतर पानावर मोठं करून बघितलं, तसंच होतं.

सूत्र पुन्हा मांडताना Alt+= दाबून समीकरणाचा खण उघडायचा, त्यात एका दमात हे लिहायचं आणि शेवटी स्पेस द्यायची:

```
SAR=Na^+/\sqrt((Ca^(2+)+Mg^(2+))/2)
```

वर्ड त्याचं रेघांसकट सूत्र करून देतो. फक्त अक्षरं तिरकी येतात. मूलद्रव्यांची चिन्हं सरळ असायला हवीत, म्हणून सगळं निवडून Normal Text करायचं.

एसएआरचं गणित एकदा हातात आल्यावर पोरगीला चेव चढला. तिनं कॅल्क्युलेटर घेऊन तक्त्यातली प्रत्येक विहीर तपासली. सगळ्या जुळल्या, एक सोडून. कॅल्शियम 6, मॅग्नेशियम 3, सोडियम 18, आणि एसएआर 5.8. ती म्हणाली 8.5 यायला पाहिजे. मी पुन्हा करून पाहिलं: 9 भागिले 2 म्हणजे 4.5, मूळ 2.12, आणि 18 ला त्यानं भागलं की 8.49. तिचंच बरोबर. पीडीएफ मोठी करून बघितली, तिथंही स्वच्छ 5.8 छापलेलं. ही कॉपीची करामत नव्हती. मूळ छपाईतच आकडे उलटे पडले होते, आणि इतकी वर्षं ते तसेच होते.

सर परत आल्यावर मी कागद पुढं ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ तो बघितला. मी विचारलं, दुरुस्त करू का?

"नको. तक्त्यात 5.8 च राहू द्या," ते म्हणाले. "त्या निबंधाचे संदर्भ लोकांनी दिलेत, त्यांना तोच आकडा सापडला पाहिजे. खाली तळटीप द्या, 8.5 असे वाचावे म्हणून." मग पोरगीकडं वळून म्हणाले, "आणि बाई, उरलेल्या निबंधांचे तक्तेपण बघून टाका तुम्हीच."

ती मान डोलावून पुढच्या फाइलीकडं वळली. त्यात पहिल्याच पानावर ³ 15 असं होतं, आणि तिनं न विचारता तिथं ≥ टाकलं.